डेपोचा पुरवठा कुठपर्यंत बदलला तर छाया किंमत तीच राहते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहतुकीचे गणित सॉल्व्हरने सोडवले की प्रत्येक डेपोपुढे एक छाया किंमत छापून येते, म्हणजे तिथे एक टन जास्त आला तर एकूण खर्च किती बदलेल तो आकडा. तिच्या शेजारी आणखी दोन आकडे असतात. पुरवठा किती वाढेपर्यंत आणि किती घटेपर्यंत ही किंमत खरी धरायची, तो पल्ला हे दोन आकडे सांगतात. बहुतेक जण किंमत उचलतात आणि हे दोन आकडे तिथेच सोडून देतात. या पानावरची सगळी उत्तरे त्या दोन आकड्यांविषयी आहेत. उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घेतले आहे, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन सोबत करता येईल.

उदाहरण कोणते आहे?

तीन डेपो आहेत: क, ख आणि ग. माल पोचवायची केंद्रेही तीन: १, २ आणि ३. एक टन माल नेण्याचा खर्च असा:

| | केंद्र १ | केंद्र २ | केंद्र ३ | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| डेपो क | ४ | ६ | ९ | ५० |
| डेपो ख | ६ | ९ | १० | ७० |
| डेपो ग | ११ | १२ | ११ | ६० |
| मागणी | ४० | ६० | ५५ | |

एकूण पुरवठा १८० टन आणि मागणी १५५ टन, म्हणजे २५ टन कुठेतरी पडून राहणार. डेपोची अट "याहून जास्त माल काढता येणार नाही" अशी आहे, आणि केंद्राची अट "मागणी पुरी झालीच पाहिजे" अशी. सर्वांत कमी खर्चाची योजना ही:

क कडून केंद्र २ ला ५०. ख कडून केंद्र १ ला ४०, केंद्र २ ला १० आणि केंद्र ३ ला २०. ग कडून केंद्र ३ ला ३५, आणि ग मध्ये २५ टन शिल्लक. एकूण खर्च १२१५.

सॉल्व्हर क ची छाया किंमत उणे ४ देतो, ख ची उणे १ आणि ग ची शून्य.

उणे ४ म्हणजे नेमके काय? क पासून केंद्र २ चा दर तर ६ आहे.

क मध्ये एक टन जास्त आला, तर एकूण खर्च ४ ने कमी होतो. हा आकडा कोणत्याही एका मार्गाचा दर नाही. एका टनामुळे मालाची जी सरकासरकी होते, तिची ती बेरीज आहे.

सरकासरकी अशी होते. जादा टन क कडून केंद्र २ ला जातो, खर्च ६ ने वाढतो. केंद्र २ ची मागणी तेवढीच असल्याने ख चा तिथला एक टन मोकळा होतो, ९ वाचतात. ख तो टन केंद्र ३ ला पाठवतो, १० वाढतात. मग ग चा केंद्र ३ कडचा एक टन नकोसा होतो, ११ वाचतात, आणि ग ची शिल्लक एका टनाने वाढते. सहा वजा नऊ, अधिक दहा, वजा अकरा: उणे चार.

ही साखळी एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहाच, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. पल्ला कुठे संपतो हेही तिच्यातूनच कळते, त्यासाठी वेगळे सूत्र लागत नाही.

मग क चा पुरवठा कुठपर्यंत बदलला तरी उणे ४ टिकते?

साखळीतला एखादा मार्ग रिकामा होईपर्यंत.

पुरवठा वाढताना दोन मार्गांवरचा माल घटतो: ख–२ आणि ग–३. ख–२ वर १० टन आहेत, ग–३ वर ३५. यातला छोटा आकडा १०, म्हणून पुरवठा १० टनांनी, म्हणजे ६० पर्यंत वाढू शकतो. त्यापुढे ख–२ वरून काढायला मालच उरत नाही आणि साखळी तुटते.

पुरवठा घटताना तीच साखळी उलटी फिरते. आता घटणाऱ्या गोष्टी तीन: क–२ वरचे ५० टन, ख–३ वरचे २० टन आणि ग मधली २५ टनांची शिल्लक. सर्वांत छोटा २०, म्हणून पुरवठा ३० पर्यंत खाली येऊ शकतो.

तेव्हा पल्ला ३० ते ६०. या दोन टोकांच्या मध्ये क मध्ये कितीही टन असले तरी पुढच्या टनाची किंमत ४ च. उजव्या बाजूचे रेंजिंग म्हणतात ते एवढेच. सॉल्व्हरच्या आत हेच काम बेसिसच्या, म्हणजे योजनेत धरलेल्या मार्गांच्या आणि शिलकीच्या संचाच्या, व्यस्त मॅट्रिक्समधला एक स्तंभ घेऊन भागाकाराने होते. वाहतुकीच्या गणितात त्या स्तंभात अधिक एक, उणे एक आणि शून्य एवढेच आकडे येतात. त्यामुळे भागाकार करावाच लागत नाही, नुसता सर्वांत छोटा आकडा शोधला की झाले.

शिल्लक मोजायला विसरू नका. हाताने पल्ला काढणाऱ्यांची सर्वाधिक चूक मी इथे पाहिली आहे. मार्गांवरचे आकडे तपासले जातात आणि ग मधले पडून असलेले २५ टन नजरेतून सुटतात. इथे २० आधी आल्यामुळे ती चूक लपली असती. शिल्लक १५ टन असती तर उत्तरच चुकले असते.

पल्ल्याच्या आत योजना तशीच राहते ना?

नाही. किंमत तशीच राहते, आणि कोणते मार्ग वापरायचे तेही तसेच राहते. मार्गांवरचे टन मात्र बदलतात. क चा पुरवठा ५० चा ५६ झाला, तर क–२ वर ५६, ख–२ वर ४, ख–३ वर २६, ग–३ वर २९ आणि ग ची शिल्लक ३१. चार गाड्यांचे वेळापत्रक बदलले आणि खर्च २४ ने उतरला. "पल्ल्याच्या आत आहे म्हणजे काही हलवायला नको" असे समजून जुनीच योजना चालवली, तर ते २४ वाचणार नाहीत.

६० च्या पुढे काय होते? किंमत एकदम शून्य होते का?

होत नाही. ती एक पायरी खाली उतरते.

६० वर केंद्र २ ची सगळी मागणी क च पुरवतो. पुढचा टन तिथे जाऊ शकत नाही, त्याला दुसरी वाट हवी. वाटा दोन आहेत. क ने केंद्र १ ला माल दिला, तर ख चा केंद्र १ कडचा टन सुटून केंद्र ३ ला जातो आणि ग चा तिथला टन वाचतो: चार वजा सहा, अधिक दहा, वजा अकरा, म्हणजे उणे ३. क ने थेट केंद्र ३ ला माल दिला, तर नऊ वजा अकरा, म्हणजे उणे २. जास्त बचतीची वाट निवडली जाते, म्हणून नवी किंमत उणे ३.

याच रीतीने पुढे चालत गेले की क च्या पुरवठ्याचा सगळा नकाशा मिळतो:

| क चा पुरवठा | क ची छाया किंमत |
|---|---|
| २५ ते ३० | उणे ६ |
| ३० ते ६० | उणे ४ |
| ६० ते ८५ | उणे ३ |
| ८५ ते १०० | उणे २ |
| १०० ते १५५ | उणे १ |
| १५५ च्या पुढे | शून्य |

८५ वर ग मधून माल काढायची गरज संपते, म्हणून तिथे पायरी आहे. १०० वर ख चा केंद्र १ शी संबंध संपतो. १५५ वर सगळी मागणी एकटा क पुरवतो, मग त्याला जादा टनाचा उपयोग उरत नाही.

खर्च कमीत कमी करायच्या रेषीय गणितात बचतीची पायरी नेहमी अशीच उतरते. पुरवठा वाढत जाईल तशी पुढच्या टनाची बचत घटते किंवा तेवढीच राहते, वाढत कधीच नाही. तुमच्या नकाशात ती मध्येच वाढलेली दिसली, तर मॉडेलमध्ये कुठेतरी पूर्णांकांची अट किंवा स्थिर खर्च शिरला आहे, किंवा आकडा चुकला आहे.

२५ च्या खाली काहीच का नाही?

क मध्ये २५, ख मध्ये ७० आणि ग मध्ये ६० मिळून बरोबर १५५ होतात. त्याहून एक टन कमी झाला की मागणी पुरवताच येत नाही आणि गणिताला उत्तर राहत नाही. तिथे छाया किंमतही नसते.

३० ते २५ या पट्ट्यात किंमत उणे ६ का होते, तेही पाहून घ्या. ३० वर ख–३ रिकामा झालेला असतो, त्यामुळे जुनी साखळी चालत नाही. केंद्र २ ला कमी पडणारा टन आता थेट ग कडून १२ दराने येतो आणि क चे ६ वाचतात. फरक ६. टंचाई वाढली की किंमत अशी चढते. पुरवठ्यात घट येणार असेल, तर "प्रत्येक टनामागे ४ जातील" हा हिशेब ३० च्या खाली कमी पडतो.

क मध्ये ३० टन जादा साठवायची सोय विकत मिळते आहे. बचत १२० धरू का?

धरू नका. चार गुणिले तीस हा गुणाकार पल्ल्याच्या बाहेर जातो. ५० वरून ६० पर्यंतच्या १० टनांचे ४० मिळतात, ६० वरून ८० पर्यंतच्या २० टनांचे तीनप्रमाणे ६०. एकूण १००.

टनामागे सोयीचा खर्च ३.५ असेल, तर नुसती छाया किंमत पाहणारा तीसही टन घेईल, १०५ देईल आणि १०० वाचवेल. पल्ला पाहणारा १० टन घेईल, ३५ देऊन ४० वाचवेल आणि थांबेल. पल्ल्याच्या बाहेरच्या वाढीला जुन्या किमतीने गुणले की बचत वास्तवापेक्षा मोठी दिसते, आणि पल्ल्याच्या बाहेरच्या घटीला गुणले की तोटा वास्तवापेक्षा लहान दिसतो. दोन्ही वेळा चूक आशादायक दिशेनेच होते. म्हणून मला ती धोक्याची वाटते.

एक गोष्ट आधी तपासा: डेपोतल्या मालाची खरेदी किंमत तुमच्या खर्चाच्या समीकरणात आधीच धरली आहे का? धरली असेल, तर छाया किंमत ही त्या खरेदीच्या वरची बचत असते, आणि खरेदी पुन्हा वजा करायची नसते.

सॉल्व्हरच्या अहवालात हे कुठे दिसते?

एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये सेन्सिटिव्हिटी अहवाल मागवला की अटींच्या तक्त्यात क च्या ओळीत `Shadow Price` खाली -4, `Constraint R.H. Side` खाली 50, `Allowable Increase` खाली 10 आणि `Allowable Decrease` खाली 20 दिसेल. ग च्या ओळीत वाढीखाली 1E+30 येईल. त्याचा अर्थ "कितीही". पद्धत `Simplex LP` निवडलेली असावी. पूर्णांकांची अट घातली असेल तर हा अहवाल मिळतच नाही.

इथे एक खाचखळगा आहे. एक्सेल *बदल* सांगतो, म्हणजे १० आणि २०. गुरोबी या सॉल्व्हरमध्ये `SARHSLow` आणि `SARHSUp` ही *टोके* सांगतात, म्हणजे 30 आणि 60. एका अहवालातला आकडा दुसऱ्याच्या अर्थाने वाचला, तर क चा पुरवठा ६० ने वाढवता येतो असा निष्कर्ष निघतो.

पायथनच्या `scipy` मध्ये `linprog` किंमत देते पण पल्ला देत नाही. तिथे पुरवठा बदलत पुन्हा पुन्हा सोडवून पायऱ्या शोधाव्या लागतात:

```python
from scipy.optimize import linprog
c = [4,6,9, 6,9,10, 11,12,11]
A_ub = [[1,1,1,0,0,0,0,0,0],
        [0,0,0,1,1,1,0,0,0],
        [0,0,0,0,0,0,1,1,1]]
A_eq = [[1,0,0]*3, [0,1,0]*3, [0,0,1]*3]
for s in [24, 27, 45, 70, 90, 120]:
    r = linprog(c, A_ub=A_ub, b_ub=[s,70,60],
                A_eq=A_eq, b_eq=[40,60,55])
    if r.status == 0:
        print(s, r.fun, r.ineqlin.marginals[0])
    else:
        print(s, r.message)
```

24 ला उत्तर नाही असा संदेश येईल. पुढे खर्च अनुक्रमे 1313, 1235, 1145, 1090 आणि 1050, तर किंमत -6, -4, -3, -2 आणि -1. मी मुद्दाम पायरीवरचे आकडे, म्हणजे 30, 60 वगैरे, यादीत घेतले नाहीत. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

अहवालात वाढीखाली किंवा घटीखाली शून्य आले आहे. काय समजू?

तुम्ही बहुधा पायरीच्या टोकावर उभे आहात. क चा पुरवठा मुळातच ६० असता, तर ख–२ हा मार्ग बेसिसमध्ये असूनही त्यावर शून्य टन असते. याला डिजनरेट उत्तर म्हणतात. तिथे दोन किमती खऱ्या असतात: एक टन घटला तर ४ चा तोटा, एक टन वाढला तर ३ ची बचत. सॉल्व्हर त्यातली कोणती छापेल ते त्याच्या आतल्या वाटेवर अवलंबून असते. उणे ४ छापली तर `Allowable Increase` शून्य येईल, उणे ३ छापली तर `Allowable Decrease` शून्य येईल. अंतर्बिंदू पद्धतीने सोडवून तिथेच थांबवले, तर या दोन्हींच्या मधली एखादी किंमतही हाती पडू शकते.

अशा वेळी पुरवठा ५९ आणि ६१ घेऊन दोनदा सोडवा आणि दोन्ही किमती लिहून ठेवा.

त्याच गणितासाठी दोन प्रोग्रॅम वेगवेगळा पल्ला देतात. एक चुकला का?

दोन्ही बरोबर असू शकतात. सॉल्व्हर जो पल्ला छापतो तो त्याच्या हातातल्या बेसिसचा असतो, किमतीचा नव्हे. बेसिस बदलूनही किंमत तीच राहू शकते.

आपल्याच उदाहरणात क–१ चा दर ४ ऐवजी ३ करा. आता १२१५ खर्चाच्या दोन योजना निघतात. पहिली जुनीच, तिचा पल्ला ३० ते ६०. दुसरीत क कडून केंद्र १ ला ४० आणि केंद्र २ ला १०, ख कडून केंद्र २ ला ५० आणि केंद्र ३ ला २०, ग कडून केंद्र ३ ला ३५. साखळी तीच लावून पाहा: वाढताना ख–२ वर ५० आणि ग–३ वर ३५ आहेत, म्हणून वाढ ३५. घटताना क–२ वर १०, ख–३ वर २०, शिल्लक २५, म्हणून घट १०. पल्ला ४० ते ८५. छाया किंमत दोन्हीकडे उणे ४ च. आणि प्रत्यक्षात ती ३० पासून ८५ पर्यंत टिकते, दोन्ही पल्ले जोडून.

हे ओळखायची खूण सोपी आहे. न वापरलेल्या एखाद्या मार्गाची रिड्यूस्ड कॉस्ट, म्हणजे त्या मार्गाने एक टन नेल्यास एकूण खर्चात पडणारी भर, शून्य दिसली, तर छापलेला पल्ला गरजेपेक्षा तोकडा असू शकतो. मग टोकाच्या थोडे पलीकडे पुरवठा नेऊन पुन्हा सोडवा आणि किंमत खरेच बदलते का ते बघा.

पुरवठा आणि मागणी अगदी समान असेल तर?

तर रेंजिंगला जागाच राहत नाही. दोन्हीकडे बरोबरचे चिन्ह असलेल्या संतुलित मॉडेलमध्ये एका डेपोचा आकडा एकट्याने हलवला की बेरीज बिघडते आणि उत्तर नाहीसे होते. शिवाय डेपोंच्या सगळ्या किमतींत एकच स्थिर आकडा मिळवून केंद्रांच्या किमतींतून तोच वजा केला, तरी गणित जुळतेच. म्हणून तिथे एका डेपोच्या किमतीला एकटीला अर्थ नसतो. दोन डेपोंच्या किमतींतला फरक मात्र वाचता येतो. डेपोची अट "इतके किंवा कमी" अशी लिहा आणि जादा माल कुठे राहतो ते मॉडेलला दिसू द्या.

दोन डेपोंचा पुरवठा एकदम बदलला तर प्रत्येकाचा पल्ला वेगवेगळा तपासून चालेल?

चालणार नाही, कारण दोघे एकाच मार्गावरचा माल खातात. ख ची किंमत उणे १ आहे आणि तिचा पल्ला ५० ते १०५. क ची वाढ १० पर्यंत, ख ची ३५ पर्यंत. दोन्ही टोकापर्यंत नेले, तर ग–३ वरून ४५ टन काढावे लागतील, आणि तिथे आहेत ३५.

सुरक्षित नियम शंभर टक्क्यांचा: प्रत्येक बदल त्याच्या परवानगीच्या किती टक्के आहे ते काढा, बेरीज शंभराच्या आत असेल तर किमती नक्की टिकतात. पण बेरीज शंभराच्या वर गेली म्हणून किमती मोडल्या असे नाही. क मध्ये ८ आणि ख मध्ये २० वाढवा. टक्के ८० आणि ५७, बेरीज १३७. तरीही ख–२ वर २ टन उरतात आणि ग–३ वर ७, म्हणजे साखळी शाबूत आहे. नियम नुसता "हो" सांगू शकतो. तो "हो" म्हणत नसेल तेव्हा मार्गांवरचे टन मोजायचे.

मागणी थोडी बदलली. क चा जुना पल्ला वापरू का?

नको, तो मागणीबरोबर सरकतो. केंद्र २ ची मागणी ६० ची ५६ झाली समजा. ख–२ वर आता ६ टन राहतात, ख–३ वर २४, ग–३ वर ३१ आणि ग ची शिल्लक २९. क ची किंमत अजूनही उणे ४ च आहे, त्यामुळे वरवर काही बदललेले दिसत नाही. पण वाढ १० वरून ६ वर आली आणि घट २० वरून २४ वर गेली. नवा पल्ला २६ ते ५६. कालच्या अहवालावर विसंबून क चा पुरवठा ६० वर नेला, तर शेवटच्या चार टनांना ४ ऐवजी ३ च मिळतील.